तळ्याच्या क्लोरोफिलमधून ऋतू वेगळा काढायचा आणि मग कल मोजायचा, तो कसा

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या आमच्या तलावाचं जून 2016 ते मे 2024 असं दर महिन्याचं क्लोरोफिल-ए मोजलेलं आहे. पहिल्या दोन वर्षांत जुलै-ऑगस्टचे नमुने घेता आले नाहीत. एक्सेलमध्ये 6 महिन्यांची मूव्हिंग ॲव्हरेज काढून तिच्यावर सरळ रेषा बसवली. रेषा वर जाते आणि पी-व्हॅल्यूही अगदी लहान येते. पण आमचे सर म्हणतात, हा नुसता ऋतूचा खेळ असू शकतो. ऋतू आणि खरा कल वेगळे कसे काढायचे?

उत्तर:

तुमच्या सरांची शंका रास्त आहे. तुमच्या हिशेबात ऋतू तीन वाटांनी शिरलेला दिसतो: सहा महिन्यांच्या सरासरीतून, जूनपासून सुरू होणाऱ्या नोंदीतून आणि राहून गेलेल्या जुलै-ऑगस्टमधून. पी-व्हॅल्यू लहान येण्याचं कारण चौथंच आहे, ते पुढे येईल.

आधी आपल्याकडच्या तळ्याचं वर्ष कसं जातं ते पाहू. पाठ्यपुस्तकातली बरीच उदाहरणं थंड देशांतली असतात. तिथे बर्फ वितळल्यावर वसंतात शेवाळाचा एक मोठा उठाव येतो. खानापूर-बेळगाव पट्ट्यात तसं नसतं. मार्चपासून पाणी उतरत जातं, उरलेल्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस दाट होतात, ऊन भरपूर असतं, आणि एप्रिल-मेमध्ये तळं हिरवंगार दिसतं. वळवाच्या सरींनी काठावरचं शेणखत आत आलं की त्यात भरच पडते. मग मान्सून येतो. गढूळ पाण्यात उजेड खोल पोचत नाही, नवं पाणी जुन्याला ढकलून सांडव्यावरून बाहेर काढतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये क्लोरोफिल तळाला जातं. ऑक्टोबरात आभाळ उघडतं, गाळ खाली बसतो, शेतातून वाहून आलेलं खत पाण्यात असतंच, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसरा, थोडा लहान उठाव येतो. थंडीत तो ओसरतो. म्हणजे वर्षाला दोन उंचवटे आणि एक खोल खड्डा. हा आकार ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे आकड्यांचा नैसर्गिक लॉग घ्या. क्लोरोफिल बेरजेने वाढत नाही, पटीने वाढतं. सरासरी 10 मायक्रोग्रॅम प्रति लिटर असलेलं तळं उन्हाळ्यात 15 वर जात असेल, तर तेच तळं पुढे 20 सरासरीला आल्यावर उन्हाळ्यात 30 वर जाईल. मूळ आकड्यांत ऋतूचा झोका मोठा होत गेलेला दिसेल, लॉगमध्ये तो तितकाच राहील. शिवाय लॉगमधला उतार सरळ टक्क्यांत वाचता येतो: दर वर्षी 0.045 म्हणजे वर्षाला साधारण 4.6 टक्के.

आता ऋतू फसवतो कसा ते पाहण्यासाठी एक नमुना-तळं घेऊ. त्याचे आकडे मी मांडलेले आहेत, कुठल्याही खऱ्या तळ्याचे नाहीत, पण आकार आपल्याकडचा ठेवला आहे. या तळ्यात कल अजिबात नाही. दर वर्षी अगदी तोच ऋतू फिरून येतो. जून ते मे असे बारा महिन्यांचे लॉगमधले फरक खाली आर या संख्याशास्त्राच्या भाषेत दिले आहेत, त्यांची बेरीज शून्य आहे. जुलैमध्ये क्लोरोफिल सरासरीच्या 0.55 पट, नोव्हेंबरमध्ये 1.35 पट आणि मेमध्ये 1.57 पट होतं.

```r
s <- c(-0.25,-0.60,-0.55,-0.20, 0.20, 0.30,
        0.00,-0.10, 0.05, 0.30, 0.40, 0.45)
y <- rep(s, 8)
t <- (1:96)/12
coef(lm(y ~ t))[2]     # 0.0148
```

कल शून्य असूनही रिग्रेशन सांगतं की क्लोरोफिल वर्षाला दीड टक्क्याने वाढतंय, आठ वर्षांत बारा टक्क्यांच्या आसपास. कारण उघड आहे. नोंद पावसाळ्याच्या खड्ड्यात सुरू होते आणि मेच्या उंचवट्यावर संपते, म्हणून रेषेचं डावं टोक खाली आणि उजवं वर ओढलं जातं. नोंद जितकी आखूड, तितकी ही ओढ जास्त. याच तळ्याची जूनपासून चारच वर्षं घेतली तर खोटी वाढ वर्षाला सहा टक्के निघते. तीच चार वर्षं जानेवारी ते डिसेंबर मांडली तर वर्षाला जवळजवळ एक टक्का घट निघते. तळं तेच, पाणी तेच, फक्त वहीचं पहिलं पान बदललं. पूर्ण वर्षं घेतली की ऋतू आपोआप कटतो असं बरेच जण धरून चालतात. सरासरीत तो कटतो, उतारात कटत नाही.

सरकत्या सरासरीचं काम नेमकं इथे आहे, पण तिची खिडकी 12 महिन्यांचीच हवी. सहा महिन्यांची खिडकी जून-नोव्हेंबरवर आली की नमुना-तळ्यात -0.18 देते आणि डिसेंबर-मेवर आली की +0.18. म्हणजे गुळगुळीत केल्यावरही वक्र 0.83 पट ते 1.20 पट असा हेलकावतच राहतो, आणि त्या हेलकाव्यालाच आपण कल समजून बसतो. बारा महिन्यांच्या खिडकीत प्रत्येक महिना एकदाच आणि सारख्या वजनाने येतो, म्हणून ऋतू पूर्ण निघून जातो.

यात एक बारकावा आहे. 12 ही सम संख्या असल्यामुळे खिडकीचा मध्य दोन महिन्यांच्या मधोमध पडतो. म्हणून 13 महिने घ्यायचे आणि दोन्ही टोकांना अर्धं वजन द्यायचं. समजा एप्रिल 2018 चा हिशेब करायचा आहे. ऑक्टोबर 2017 आणि ऑक्टोबर 2018 हे दोन्ही अर्धे-अर्धे, मधले अकरा महिने पूर्ण, आणि एकूण बेरजेला 12 ने भागायचं. एक्सेलच्या आलेखातली तयार मूव्हिंग ॲव्हरेज मागच्या महिन्यांचीच सरासरी शेवटच्या महिन्यापुढे मांडते. त्यामुळे 12 महिन्यांची खिडकी घेतली तर वक्र साडेपाच महिने उशिरा चालतो, आणि मेमध्ये आलेला बदल आलेखात दिवाळीच्या सुमारास दिसतो. तिच्याऐवजी सूत्र स्वतः लिहा. तारखांच्या क्रमाने लॉगचे आकडे C स्तंभात C2 पासून असतील, तर D8 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=(0.5*C2+SUM(C3:C13)+0.5*C14)/12
```

दोन्ही टोकांचे सहा-सहा महिने यात गमवावे लागतात. तुमच्या 96 महिन्यांतले 84 उरतील. तो तोटा सोसा. टोकाला अर्धवट खिडकी लावून वक्र शेवटपर्यंत ओढला की ऋतू परत आत येतो.

आता ऋतूचा निर्देशांक काढता येतो. प्रत्येक महिन्याच्या लॉगमधून त्या महिन्याची सरकती सरासरी वजा करा. समजा एप्रिल 2018 ला क्लोरोफिल 27 होतं, त्याचा लॉग 3.30, आणि सरकती सरासरी 2.90. फरक 0.40. असे सगळे एप्रिल गोळा करून त्यांचा मध्यक घ्या. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण एखाद्या एप्रिलमध्ये तरंगणाऱ्या सायीचाच नमुना बाटलीत आला तर तो एकटा आकडा सगळा निर्देशांक ओढून नेतो. बारा महिन्यांचे बारा मध्यक मिळाले की त्यांची सरासरी प्रत्येकातून वजा करा, म्हणजे बेरीज शून्य होईल. हा तुमच्या तळ्याचा ऋतू. मूळ लॉगमधून तो काढून टाकला की ऋतू वजा केलेली मालिका हातात येते.

राहिलेले जुलै-ऑगस्ट इथे अडचण करतात. ते सगळ्यात खालचे महिने आहेत. नमुना-तळ्यात ते वगळून उरलेल्या दहा महिन्यांची सरासरी काढली तर ती खऱ्यापेक्षा 12 टक्के जास्त येते. तुमच्या पहिल्या दोन वर्षांत असं होईल आणि पुढच्या सहांत होणार नाही, म्हणजे तळं सुरुवातीला होतं त्यापेक्षा हिरवं दिसेल आणि खरी वाढ दबेल. जून आणि सप्टेंबरच्या मध्ये सरळ रेषा ओढून जागा भरणं हाही उपाय नाही. ती रेषा खड्ड्यावरून पूल बांधते. नमुना-तळ्यात तसं केलं तरी वर्षाची सरासरी 6 टक्के वर राहते. सरकत्या सरासरीसाठी ती जागा भरायचीच असेल तर पुढच्या सहा वर्षांतल्या जुलै-ऑगस्टच्या निर्देशांकात त्या वर्षाची पातळी मिळवून भरा. ती पातळी उरलेल्या दहा महिन्यांतून त्यांचे निर्देशांक वजा करून काढा. आणि आलेखात ते ठिपके पोकळ दाखवा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हे मोजलेले नाहीत.

इथवर सरकत्या सरासरीने आपल्याला चित्र दिलं. पण तिच्यावर रेषा बसवून पी-व्हॅल्यू काढायची नाही, आणि तुमचा लहान आकडा तिथूनच आला आहे. शेजारच्या दोन महिन्यांच्या बारा-मासी सरासऱ्यांमध्ये अकरा महिने सामाईक असतात. मूळ आकडे एकमेकांपासून अगदी स्वतंत्र असले तरी त्यांच्या सरासऱ्यांमध्ये 11/12, म्हणजे 0.92 इतका सहसंबंध तयार होतो. तुमच्या सहा-मासी खिडकीतही तो 5/6, म्हणजे 0.83 असतो. रिग्रेशन मात्र समजतं की हे सगळे वेगवेगळे साक्षीदार आहेत. बारा-मासी खिडकीत ते 84 दिसतात, खरे साक्षीदार फार तर सात, वर्षाला एक. पी-व्हॅल्यू लहान न येईल तर नवल.

म्हणून कल मोजताना मूळ लॉग घ्या आणि ऋतू व कल एकाच रिग्रेशनमध्ये एकत्र बसवा:

```r
m <- lm(log(chl) ~ yr + factor(month), data = d)
acf(resid(m))
```

इथे `yr` म्हणजे दशांशातलं वर्ष, उदाहरणार्थ 2018.29. प्रत्येक महिन्याला स्वतःची पातळी मिळते आणि `yr` चा गुणांक हा कल. नमुना-तळ्यावर हे चालवलं तर कल बरोबर शून्य येतो. जूनचा सापळाही नाही आणि जुलै-ऑगस्ट भरायची गरजही नाही, कारण 2019 च्या जुलैची तुलना 2022 च्या जुलैशीच होते. जे महिने मोजलेच नाहीत ते रिकामे सोडा.

महिन्यांऐवजी साइन-कोसाइन लाटा वापरणारेही बरेच आहेत. आपल्याकडे एक लाट पुरत नाही, कारण वर्षाला दोन उंचवटे आहेत. 12 महिन्यांची आणि 6 महिन्यांची, अशा दोन्ही घ्या. एकच घेतली असेल तर ती चूक ओळखायला सोपी आहे: उरलेले फरक महिन्यावार मांडले की ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ठिपके सगळे शून्याच्या वर बसलेले दिसतात. लाटांचा एक खरा फायदा मात्र सांगायला हवा. त्या नमुन्याची नेमकी तारीख वापरतात. 3 जूनचं तळं आणि 27 जूनचं तळं यांच्यात अख्खा मान्सून उभा असतो, आणि महिन्यावार पद्धतीत दोन्ही नुसते जूनच ठरतात. तुमच्या वहीत जूनच्या तारखा मागे-पुढे होत असतील तर लाटांचं रिग्रेशनही चालवून बघा.

आता `acf` चा आलेख. ऋतू आणि कल काढल्यावरही एका महिन्याचा उरलेला फरक पुढच्या महिन्याशी जोडलेला असतो, कारण तळं एका महिन्यात स्वतःला विसरत नाही. पहिल्या महिन्याच्या अंतरावरचा हा सहसंबंध r समजा 0.5 निघाला. तर साध्या रिग्रेशनने दिलेली स्टँडर्ड एरर साधारण √((1+r)/(1−r)) पट, म्हणजे 1.73 पट वाढवायची. समजा कल 0.045 आणि एरर 0.015 आली होती. भागाकार 3, म्हणजे कल पक्का वाटतो. दुरुस्तीनंतर एरर 0.026 होते, भागाकार 1.7 वर येतो, आणि 95 टक्के पट्टा वर्षाला -0.6 टक्क्यांपासून सुमारे 10 टक्क्यांपर्यंत पसरतो. वाढ असण्याची शक्यता तरीही जास्त आहे, पण घट नाहीच असं आता म्हणता येत नाही. ही दुरुस्ती अंदाजाची आहे. नीट करायची तर हे:

```r
library(nlme)
g <- gls(log(chl) ~ yr + factor(month),
         correlation = corAR1(form = ~ idx), data = d,
         na.action = na.omit)
intervals(g)
```

`idx` हा जून 2016 पासूनचा महिन्यांचा अनुक्रमांक. हुकलेल्या महिन्यांचे क्रमांक सोडून द्या, पुढच्या ओळी ओढून घेऊ नका. नाही तर जून आणि सप्टेंबर हे शेजारी आहेत असं आर समजेल.

यानंतर सरकत्या सरासरीच्या चित्राकडे परत या, कारण रेषा सांगत नाही ते चित्र सांगतं. तुमच्या नोंदीत दोन घटना बसलेल्या आहेत. ऑगस्ट 2019 चा महापूर, आणि 2023 चा तुटीचा मान्सून, ज्यानंतर बेळगाव जिल्ह्यातही दुष्काळ जाहीर झाला. पुराने तळं धुऊन निघालं असेल तर तो खड्डा सरकत्या सरासरीत वर्षभर पसरलेला दिसेल. एकाच महिन्यात लॉग 1.2 ने पडला तरी सरासरी तब्बल बारा महिने 0.1 ने खाली राहते. तिला वर्षभराची सुधारणा समजू नका, मूळ ठिपके बघा.

दुष्काळाचं वर्ष जास्त धोक्याचं आहे, कारण ते नोंदीच्या अगदी शेवटी आलं. पाणी कमी भरलं, म्हणून जून 2023 ते मे 2024 मध्ये लॉग सरसकट 0.3 ने, म्हणजे 35 टक्क्यांनी वर राहिला असं धरू. बाकी सात वर्षांत कल शून्य. एवढ्यानेच रिग्रेशन वर्षाला अडीच टक्के वाढ दाखवतं. हेच वर्ष मधोमध, 2019-20 ला आलं असतं तर उतार जवळजवळ शून्यच, उलट किंचित खाली राहिला असता. महिन्यांची पातळी घालूनही हा दोष जात नाही, कारण हा ऋतू नव्हे. म्हणून शेवटचं वर्ष वगळून एकदा रिग्रेशन करा. कल निम्म्यावर आला तर तो दुष्काळाचाच भाग होता. दुसरी तपासणी म्हणजे तळ्याची पातळी रिग्रेशनमध्ये घालणं. पण ती जपून. पाणी उपसा वाढल्यामुळे पातळीच वर्षानुवर्षं उतरत असेल, तर पातळी घातल्यावर कल नाहीसा होईल आणि तळं ठीक आहे असा उलटा निष्कर्ष निघेल. तिथे उतरणारी पातळी हे वाढीचं कारण आहे, ते हिशेबातून पुसून टाकायचं नाही.

चित्रात चढ सावकाश न दिसता एकाच जागी पायरी दिसली, तर आधी तळ्याकडे नाही, प्रयोगशाळेच्या वहीकडे बघा. क्लोरोफिल काढायला ॲसिटोनऐवजी इथेनॉल वापरायला लागले का, फिल्टरचा कागद बदलला का, काठावरून घेतला जाणारा नमुना मध्यावरून घ्यायला लागले का, स्पेक्ट्रोफोटोमीटर जाऊन हातातला प्रोब आला का. पायरीची तारीख अशा बदलाशी जुळली तर रिग्रेशनमध्ये त्या तारखेआधी 0 आणि नंतर 1 असा एक स्तंभ घाला. मग `yr` चा गुणांक काय उरतो ते बघा. अनेकदा काहीच उरत नाही.

शेवटी एक तपासणी जरूर करा, कारण तुमच्या तळ्याबद्दल ती सगळ्यात जास्त सांगेल: कल ऋतूवार वेगळा काढा. फेब्रुवारी-मे, जून-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-जानेवारी असे तीन गट करा आणि `yr` ला गटाशी गुणा. उन्हाळ्यात वाढ आणि ऑक्टोबरनंतर काहीच नाही असं दिसलं, तर संशय उतरणाऱ्या पाण्यावर आणि गाळातून सुटणाऱ्या फॉस्फरसवर जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा उंचवटा वाढतोय असं दिसलं, तर पावसात शेतातून काय वाहून येतंय ते बघायला हवं. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, आणि सगळे महिने एकत्र करून काढलेला एकच उतार तो फरक झाकून टाकतो. मात्र गट केले की प्रत्येक गटाकडे वर्षाला चारच ठिपके राहतात, म्हणून पट्टे रुंद येतील. पावसाळ्याच्या गटाला तर पहिल्या दोन वर्षांत जून आणि सप्टेंबर हे दोनच महिने आहेत. त्याच्या कलावर फारसं लिहू नका.

अहवालात एकटी पी-व्हॅल्यू देऊ नका. वर्षाला किती टक्के, पट्टा कुठून कुठे, आणि शेवटचं वर्ष वगळल्यावर किती, हे तीन आकडे द्या. नोंद बंद मात्र पडू देऊ नका. उताराची एरर वर्षांच्या दीडाव्या घाताने कमी होते, त्यामुळे आठाची बारा वर्षं झाली की 0.026 ची 0.014 होते. 0.045 चा कल तोपर्यंत टिकला तर भागाकार तीनच्या वर जाईल, आणि आज -0.6 पर्यंत लोंबणारा पट्टा शून्याच्या बऱ्याच वर उचलला जाईल. त्यासाठी जुलै-ऑगस्टचे नमुने दर वर्षी हवेत. होडी घालता येत नसेल तर सांडव्याजवळून घ्या, पण मग कोरड्या महिन्यांतही काही वेळा मध्य आणि सांडवा दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी मोजून त्यांच्यातला फरक वहीत लिहून ठेवा.